तळच्या बॉक्सवरचे नव्वद किलो : एका अनोळखी मेलचं प्रकरण

जळगाव एमआयडीसीतल्या पुठ्ठ्याच्या बॉक्सच्या एका कारखान्यातून गेलेला हा मेल आधी वाचा. मूळ इंग्रजीत होता, इथे मराठीत देतो.

"विषय : कोरुगेटेड बॉक्सच्या पुरवठ्याबाबत. आदरणीय सर/मॅडम, आम्ही सर्व प्रकारच्या ३, ५ व ७ प्लाय कोरुगेटेड बॉक्सचे अग्रगण्य उत्पादक आहोत. उत्तम दर्जा, वाजवी दर आणि वेळेवर पुरवठा हे आमचं वैशिष्ट्य आहे. सोबत कंपनी प्रोफाइल जोडलं आहे. कृपया आपली गरज कळवून सेवेची संधी द्यावी."

कारखान्याच्या मालकांनी हा मेल एका औद्योगिक डिरेक्टरीतून काढलेल्या पत्त्यांच्या यादीवर एकाच दिवशी पाठवला होता. पत्ते बीसीसीत, सोबत सात एमबीची रंगीत पीडीएफ. बरेच मेल परत आले, बाकीच्यांचं काहीच आलं नाही. मालकांचा निष्कर्ष असा की मेलने धंदा होत नाही, ओळख लागते.

मी या भागातल्या लहान कारखान्यांची विक्रीची कागदपत्रं बघून देतो. मालकांचा मुलगा हा मेल घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, यात चूक काय ते सांगा, इंग्रजी तर बरोबर आहे." इंग्रजी खरंच बरोबर होतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण हाच मजकूर वापीच्या, नाशिकच्या किंवा भिवंडीच्या कुठल्याही बॉक्सवाल्याने पाठवला असता तर एक अक्षर बदलावं लागलं नसतं, आणि तो कुठल्याही कंपनीला गेला असता तरी लागलं नसतं. परचेस मॅनेजरला हे दुसऱ्या ओळीत कळतं. असे मेल तो रोज बघतो. वाचत नाही, बघतो.

पुढे जे झालं ते धुळ्याच्या बाजूच्या, खाद्यतेल पाऊचमध्ये भरणाऱ्या एका कारखान्याबाबत. नावं गाळली आहेत, काही बारीक तपशील बदलले आहेत.

स्वस्त म्हणता येत नव्हतं

पहिला प्रश्न असा होता की या कारखान्याला जळगावकडून बॉक्स का घ्यावासा वाटेल? मुलाचं उत्तर तयार होतं : आमचा रेट कमी. मी त्याला रेटचा हिशोब मांडायला लावला.

बॉक्सच्या किमतीत मोठा वाटा क्राफ्ट कागदाचा. जळगावचा हा कारखाना कागद घेतो वापीच्या मिलमधून. सुरतेहून धुळ्यावरून जळगावला येणाऱ्या महामार्गावरून ती रीळं येतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारावरूनच पुढे नव्वद किलोमीटर जातात आणि बॉक्स होऊन तेवढीच मागे येतात. तेलवाल्या कारखान्याचा सध्याचा पुरवठादार वापीचाच होता. त्याची मशीन मोठी, कागद दारात. दरात त्याला हरवणं जवळजवळ अशक्य. "वाजवी दर" हे शब्द मेलमध्ये असते आणि त्यावर उत्तर आलं असतं, तर पहिल्याच कोटेशनला विषय संपला असता. आपल्या पट्ट्यातल्या लहान पुरवठादारांचं हे नेहमीचं दुखणं आहे : जो मुद्दा आपण जिंकू शकत नाही तोच मेलच्या पहिल्या ओळीत.

मग जळगावच्या बाजूने होतं काय? जवळपणा. दोन दिवसांत गाडी पोचते, आणि लहान लॉट देता येतो. पण "आम्ही जवळ आहोत" हेही कोणीही म्हणू शकतं. या जवळपणाचा नेमका उपयोग त्या कारखान्याला कुठे होतो, ते शोधायचं होतं.

गोदामात काय दिसलं

हा शोध फोनवर किंवा संगणकावर लागला नसता. मुलगा जळगावच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे गेला. तिथे त्या ब्रँडच्या एक लिटर पाऊचचे बॉक्स रचलेले होते, एका बॉक्समध्ये बारा पाऊच. ऑगस्ट चालू होता, बाहेर झड लागलेली. नऊ बॉक्सची थप्पी, खाली फळी नाही, सरळ फरशीवर. तळच्या बॉक्सचं पोट बाहेर आलेलं आणि वरची थप्पी किंचित एका बाजूला झुकलेली. व्यापाऱ्याला त्यात नवल वाटलं नाही. "पावसाळ्यात खालचा थर बसतोच, भाऊ. गळकं पाऊच निघालं तर कंपनी बदलून देते."

मुलाने टेप लावला. साधारण ३८० बाय २६० बाय २०० मिलिमीटर, पाच प्लाय. बॉक्सवर थप्पीची मर्यादा छापलेली नव्हती. एक रिकामा बॉक्स त्याने मागून घेतला.

इथून पुढचं गणित सोपं आहे, पण सगळ्या प्रकरणाचा कणा तेच आहे, म्हणून सावकाश मांडतो. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. बारा पाऊचचे जवळपास ११ किलो. फिल्म आणि पुठ्ठा धरून भरलेला बॉक्स ११.४ किलोच्या आसपास. नऊच्या थप्पीत तळच्या बॉक्सवर आठ बॉक्स, म्हणजे ९१ किलो. सातच्या थप्पीत सहा, म्हणजे ६८ किलो.

आता माल पाऊचमधला आहे हे महत्त्वाचं. डब्यातलं तेल असतं तर डबा स्वतः भार घेतो; बॉक्स फक्त गुंडाळण्यापुरता. पाऊच भार घेत नाही, दाबलं की पसरतं आणि उलट बॉक्सच्या भिंती बाहेर ढकलतं. त्यामुळे सगळा भार पुठ्ठ्याच्या चार उभ्या भिंतींवर, त्यातही मुख्यतः चार कोपऱ्यांवर येतो.

प्रयोगशाळेत बॉक्स दाबून त्याची ताकद मोजतात, तिला कॉम्प्रेशन म्हणतात. तो आकडा कोरड्या, ठरावीक हवेतला आणि काही सेकंदांचा असतो. गोदामात तसं नसतं. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात गेली की पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, कारण कागद ओल शोषतो. त्यात भार काही आठवडे तसाच राहिला की आणखी तिसरा हिस्सा जातो. थप्पी वाकडी रचली, कोपऱ्यावर कोपरा आला नाही, तर आणखी थोडी. म्हणून थप्पीत येणाऱ्या भाराच्या तीन ते पाच पट कॉम्प्रेशन धरून बॉक्स ठरवतात. चौपट धरलं तर सातच्या थप्पीला सुमारे २७५ किलो कॉम्प्रेशनचा बॉक्स पुरतो, नऊच्या थप्पीला ३६५ लागतो.

मागून आणलेला रिकामा बॉक्स नाशिकच्या एका प्रयोगशाळेत दाबून पाहिला. २८०च्या आसपास आला. वापरलेला बॉक्स थोडा कमीच दाखवतो हे धरूनही चित्र स्पष्ट होतं. बॉक्स वाईट नव्हता. सातच्या थप्पीसाठी तो अगदी बरोबर ठरवलेला होता. व्यापारी नऊ रचत होता, एवढंच.

हे कळल्यावर मुलाला लगेच मेल लिहायचा होता. त्याचा पहिला मसुदा असा सुरू होत होता : "तुमचे बॉक्स पावसाळ्यात बसत आहेत. सोबत फोटो आणि आमच्या चाचणीचा अहवाल जोडला आहे."

हा मसुदा का थांबवला

सर्वसाधारण मेलपेक्षा हा मसुदा नक्कीच वेगळा होता. तरीही त्याला उत्तर आलं नसतं असं माझं मत होतं, आणि त्यामागचं कारण परचेस मॅनेजरच्या खुर्चीत बसल्याशिवाय दिसत नाही.

तो बॉक्स त्यानेच निवडला आहे. किमान सध्याच्या पुरवठादाराच्या कागदावर त्याची सही आहे. अनोळखी माणूस त्याला लेखी कळवतो की तुमच्या निवडीमुळे माल खराब होतोय, सोबत पुरावाही देतो. हा मेल त्याने क्वालिटीला किंवा वरिष्ठांना पुढे पाठवला तर तो स्वतःविरुद्धची तक्रार पुढे पाठवतोय. म्हणजे पुढे पाठवणार नाही. आणि जो मेल पुढे पाठवता येत नाही त्याचं कंपनीत काहीही होत नाही, कारण नवीन पुरवठादार एकटा परचेसवाला घेऊ शकत नाही. क्वालिटी नमुना पास करते, स्टोअर्स जागा बघतं, अकाउंट्स व्हेंडर कोड उघडतं.

चाचणीच्या अहवालाचंही तसंच. प्रतिस्पर्ध्याचा बॉक्स, तोही वापरलेला, आपल्या खर्चाने तपासून त्याचा आकडा पाठवला की वाचणाऱ्याला पहिली शंका आपल्या हेतूची येते. दुसरी शंका रास्त असते : एका बॉक्सवरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. त्या चाचणीचा उपयोग आपल्याला नेमका प्रश्न विचारता यावा एवढाच होता. तो झाला होता.

आणि फोटो. ब्रँडचं नाव दिसणाऱ्या फुगलेल्या बॉक्सचा फोटो अनोळखी माणसाकडून आला तर तो धमकीसारखा वाचला जातो. शिवाय अनोळखी पत्त्यावरून आलेलं अटॅचमेंट बऱ्याच कंपन्यांचं मेल फिल्टर अडवतं, किंवा मेल थेट स्पॅममध्ये टाकतं.

मग काय उरतं? गणित उरतं, आणि त्या गणितातून निघणारा असा प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त त्यालाच ठाऊक आहे आणि जो विचारल्याने कोणाचीही चूक निघत नाही.

मेल कोणाकडे

आधीच्या यादीतला पत्ता "purchase" ने सुरू होणारा सामायिक पत्ता होता. तिथे येणारा मेल सगळ्यांचा, म्हणून कोणाचाच नाही. तेलाच्या कारखान्यात खरेदीची टेबलं वेगळी असतात : कच्चं तेल आणि बिया एकाकडे, पॅकिंग मटेरियल दुसऱ्याकडे, मशीनचे सुटे भाग तिसऱ्याकडे. बियांच्या माणसाला बॉक्सचा मेल गेला तर तो उत्तर देत नाही, आणि तो बाजूच्या टेबलावर सरकवेल ही आशाही फोल.

मुलाने कारखान्याच्या बोर्डावरच्या नंबरवर फोन केला आणि विक्रीचं काहीही न बोलता विचारलं, "पॅकिंग मटेरियलची खरेदी कोण साहेब बघतात? त्यांना एक मेल करायचा आहे." ऑपरेटरने नाव दिलं आणि मेलचा पत्ताही सांगितला. पत्ता अंदाजाने बनवून पाठवण्यापेक्षा हे फार बरं. अंदाज चुकला की मेल परत येतो, आणि असे परत आलेले मेल वाढले की आपल्या डोमेनची पत उतरते.

पत उतरल्याचं इथे खरंच एक प्रकरण होतं. आधीच्या सरसकट मेलमुळे या कारखान्याच्या डोमेनवरून गेलेले साधे मेलही ओळखीच्या कंपन्यांत स्पॅममध्ये पडत होते. त्यात डोमेनला एसपीएफ होतं पण डीकेआयएम चालू केलेलं नव्हतं. पाठवणारा खरा आहे की नाही हे समोरच्या सर्व्हरला मुख्यतः या दोन नोंदींवरून कळतं. ज्याने वेबसाइट बनवली त्याच्याकडून ते चालू करून घेतलं. तपासायची पद्धत सोपी आहे : स्वतःच्याच जीमेलवर मेल पाठवायचा, तो उघडून "Show original" दाबायचं, आणि एसपीएफ व डीकेआयएमपुढे "PASS" दिसतं का बघायचं. नंतर दोन ओळखीच्या कारखान्यांत साधे मेल टाकून ते इनबॉक्समध्ये पडतात का ते विचारून घेतलं. हे केल्याशिवाय कितीही चांगलं लिहिलं तरी ते कोणी वाचलंच नाही असं होऊ शकतं, आणि आपण दोष मजकुराला देत बसतो.

भाषेवर आमची थोडी चर्चा झाली. साहेब खान्देशातलेच, आडनावावरून कळत होतं. मुलाला मराठीत लिहावंसं वाटत होतं. मी इंग्रजीवर अडून बसलो, कारण मेल पुढे जाणार होता आणि क्वालिटीचा माणूस किंवा मुख्य कार्यालय मराठी असेलच असं नाही. मात्र इंग्रजी साधं, बोलल्यासारखं. फोन आल्यावर मराठीत बोलायचंच होतं.

गेलेला मेल

"विषय : १ लिटर × १२ पाऊच बॉक्स, थप्पीच्या उंचीबद्दल एक प्रश्न

नमस्कार सर,

जळगाव एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या बॉक्सचा कारखाना आहे. मागच्या आठवड्यात जळगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे तुमचा १ लिटरचा १२ पाऊचचा बॉक्स पाहिला. त्यांच्याकडे थप्पी ९ ची होती, म्हणजे तळच्या बॉक्सवर साधारण ९१ किलो. पाऊच भार घेत नसल्याने तो सगळा बॉक्सवर येतो.

हा बॉक्स तुम्ही किती थप्पी धरून ठरवला आहे, ७ की ९?

७ असेल तर माझ्या अंदाजाने सध्याचा बॉक्स योग्य आहे, बदलायचं कारण नाही. बाजारात ९ रचतात हे धरायचं असेल, तर जुलै ते दिवाळी या काळापुरता त्याच मापाचा जास्त कॉम्प्रेशनचा बॉक्स आम्ही आठवड्याच्या लहान लॉटमध्ये देऊ शकतो. बॉक्स तुमच्या गोदामात महिनाभर ओल धरत पडून राहणार नाहीत. दर सध्याच्यापेक्षा थोडा जास्त असेल, कारण कागद जास्त लागेल."

खाली मुलाचं नाव, मोबाइल, एमआयडीसीचा सेक्टर आणि जीएसटी क्रमांक. एवढंच.

यातल्या काही निवडी बोलण्यासारख्या आहेत. विषयाच्या ओळीत माप आणि नग आहेत, कारण हा बॉक्स त्यांच्याकडे त्याच शब्दांत ओळखला जातो. पुरवठ्याची विनंती विषयात नाही. तळचा थर बसल्याचा उल्लेख कुठेही नाही. थप्पी ९ ची होती एवढंच आहे, आणि त्यात दोष असेल तर व्यापाऱ्याचा. साहेब हा मेल क्वालिटीला पाठवू शकत होते, स्वतःची बाजू झाकावी न लागता.

"बदलायचं कारण नाही" या वाक्यावर मालक भडकले. "आपणच सांगायचं घेऊ नका म्हणून?" पण सरसकट मेल पाठवणारा कधीही असं लिहीत नाही, लिहूच शकत नाही, कारण त्याला समोरच्याचं काही ठाऊकच नसतं. आणि ते वाक्य खरं होतं. सातच्या थप्पीला त्यांचा बॉक्स पुरेसाच होता. दर जास्त असेल हेही त्यासाठीच आधी सांगितलं. कोटेशनच्या वेळी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. ज्याला फक्त दर हवा आहे तो इथेच गळतो आणि दोन्हीकडचा वेळ वाचतो.

प्रश्नाला दिलेले दोन पर्याय, ७ की ९, हे माझ्या मते मेलमधलं सर्वात उपयोगी काम करत होते. "याबद्दल बोलता येईल का?" असं विचारलं तर समोरच्याला वेळ द्यावा लागतो, तोही अनोळखी माणसाला. "७ की ९" ला एका आकड्यात उत्तर देता येतं, मोबाइलवरून, मीटिंग चालू असतानाही.

उद्यम नोंदणीचा, म्हणजे सरकारदरबारी लघुउद्योग असल्याच्या नोंदणीचा, उल्लेख मुद्दाम टाळला. लहान पुरवठादार तो अभिमानाने पहिल्या ओळीत घालतात. परचेसवाला तो वेगळा वाचतो. एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या ४३बी(एच) कलमाने त्याला दात आले : मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. साठ-नव्वद दिवसांची सवय असलेल्या कंपनीला नवीन लघु पुरवठादार म्हणजे अकाउंट्सशी एक जास्तीचा वाद. हे लपवायचं नाही. व्हेंडर फॉर्ममध्ये उद्यम क्रमांक येतोच आणि पेमेंटचं बोलणं तेव्हा उघड करायचंच. पण पहिल्या मेलची जागा त्यासाठी नाही.

जीएसटी क्रमांक मात्र मुद्दाम ठेवला. तो असला की पोर्टलवर कोणीही पाहू शकतं की कारखाना खरा आहे, नोंदणी चालू आहे, रिटर्न भरले जातात. पन्नास पानी प्रोफाइलपेक्षा यावर परचेसवाल्याचा भरवसा जास्त बसतो.

वेळही बघितली होती. महिन्याच्या शेवटचा आठवडा डिस्पॅचच्या धावपळीचा, तो टाळला. ऑगस्टचा मधला काळ यासाठी की गणपती ते दिवाळी तेलाची विक्री चढते, बॉक्सची मागणीही चढते, आणि एकाच पुरवठादारावर असलेल्या माणसाला नेमकी तेव्हा धास्ती असते. वापीची गाडी दोन दिवस अडकली तर पॅकिंग लाइन थांबते. हे मेलमध्ये लिहिलं नाही. त्याला ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

उत्तर

उत्तर चौथ्या दिवशी आलं, संध्याकाळी, मोबाइलवरून, नमस्कारही नाही : "७. व्यापारी ऐकत नाहीत. १५ नमुने पाठवा, बर्स्टिंग व कॉम्प्रेशन रिपोर्टसह. क्वालिटीला सीसी केलं आहे."

दुसरं वाक्य वाचण्यासारखं आहे. थप्पीची अडचण त्यांना आधीपासून माहीत होती. तो त्यांच्याकडचा जुना वाद असणार. बाहेरच्या कोणीतरी ती दोष न देता मांडली, म्हणून त्यांनी ती बोलून दाखवली. आणि सीसी. मेल पुढे गेला होता.

इथे मालकांचा हात पुन्हा त्या सात एमबीच्या पीडीएफकडे गेला. ती पाठवू दिली नाही. उत्तर त्याच साखळीत, तीन ओळींचं : नमुने कोणत्या दिवशी निघतील, कॉम्प्रेशन किती धरून बनवतोय, आणि गेटवर कोणाच्या नावाने पाठवायचे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नमुन्याचे पार्सल इनवर्ड गेटवर बेवारस पडून राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. चलनावर नाव नसलं की स्टोअर्स ते घेत नाही.

नमुने ठरलेल्या दिवशी गेले. इथे एक खबरदारी हवीच : नमुने हातानं निवडून, चांगल्यातला चांगला कागद लावून पाठवायचा मोह होतो. क्वालिटीचा माणूस मग पहिल्या लॉटमधून बॉक्स उचलून तपासतो आणि आकडा साठ किलोने कमी येतो. तिथे आधीचं सगळं वाया जातं. या कारखान्याने नमुने चालू लाइनवर, रोजच्या रिळांतून काढले. कॉम्प्रेशन ३७० ते ३९० मध्ये आलं.

पुढचं फार गोड नाही. दरावर घासाघीस झाली, नगामागे काही पैशांचा फरक शेवटपर्यंत राहिला. पेमेंटवर अकाउंट्सने साठ दिवस म्हटलं, इकडून ४५ वर अडून बसावं लागलं, आणि तो वाद मिटायला व्हेंडर कोडपेक्षा जास्त वेळ गेला. वर्षभराचं काम मिळालंच नाही. मिळाला तो एकाच मापाचा, पावसाळा ते दिवाळीचा, आठवड्याच्या लॉटचा पुरवठा, दुसरा पुरवठादार म्हणून. मुख्य पुरवठादार अजून वापीचाच आहे.

तोच मेल दुसरीकडे चालला नाही

या उत्तराने मालक इतके खूश झाले की त्यांनी तोच मेल आकडे बदलून दोंडाईचाच्या बाजूच्या एका मिरची पावडरच्या पॅकरला पाठवला. आता गोदामात कोण जाणार, म्हणून वजन वेबसाइटवरून घेतलं आणि थप्पी अंदाजाने नऊच धरली. "पाऊच भार घेत नाही" या वाक्याच्या जागी "पॅकिंग भार घेत नाही" असं केलं.

उत्तर आलं नाही. कारण मला नंतर एका वितरकाकडून कळलं, आणि ते ऐकून हसूही आलं. त्या कंपनीचा तो माल प्लास्टिकच्या बरणीत जातो. बरणी भार घेते. परचेसवाल्याने पहिली दोन वाक्यं वाचूनच ओळखलं असणार की या माणसाने आमचा बॉक्स कधी बघितलेला नाही. "आदरणीय सर/मॅडम" वाल्या मेलवर तो निदान चिडला नसता.

एक मेल लिहायला गोदामाची चक्कर, चाचणी, फोन आणि मसुदे मिळून मुलाचे दोन-तीन दिवस गेले होते. महिन्याला काही हजार बॉक्स घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ते परवडतं. पाचशे बॉक्स घेणाऱ्यासाठी परवडत नाही. त्याच्याकडे नमुना घेऊन सरळ जावं, तिथे मालकच परचेस मॅनेजर असतो आणि तो मेल उघडतही नाही. मुलाने आता अशा मोठ्या गिऱ्हाइकांची लहानशी यादी केली आहे. प्रत्येक नावापुढे एकच रकाना आहे : बॉक्स कुठे पाहिला. तो रकाना रिकामा असेल तर मेल जात नाही.